दंडशास्त्राच्या पेपरातला २० गुणांचा प्रश्न: फाशी की जन्मठेप? माझं नेमकं कुठे चुकलं?

मीनल_नांदेड

नमस्कार मंडळी. एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दंडशास्त्राच्या सराव परीक्षेत एक प्रश्न आला होता, त्यात २० पैकी ७ मिळाले. उत्तर चांगलं साडेतीन पानं लिहिलं होतं, त्यामुळे फार लागलं. प्रश्न जसा आठवतो तसा देते:

'अ', वय २३, बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली काम करतो. ठेकेदाराकडे त्याची १८,००० रुपये मजुरी थकली आहे. एका रात्री तो ठेकेदाराच्या घराकडे जाताना शेजाऱ्यांना दिसतो. सकाळी ठेकेदार आणि त्याची ७२ वर्षांची आई मृतावस्थेत सापडतात. दोघांच्या डोक्यावर घरातल्याच पहारीचे घाव आहेत. कपाटातले ४०,००० रुपये आणि म्हातारीच्या पाटल्या नाहीशा झाल्या आहेत. दोन दिवसांनी 'अ' पकडला जातो, पाटल्या त्याच्याकडे सापडतात. प्रत्यक्षदर्शी कुणी नाही. 'अ'वर आधीचा एकही गुन्हा नाही. वडील लहानपणी वारले, शाळा सातवीत सुटली. चार वर्षं कच्च्या कैदेत असताना तो दहावी पास झाला. गावात फाशीच्या मागणीसाठी मोर्चा निघाला. न्यायालयाने त्याला खुनासाठी दोषी धरलं आहे. सत्र न्यायाधीश म्हणून शिक्षा ठरवा आणि कारणं द्या.

मी दोन रकाने पाडले. तीव्रता वाढवणारे घटक पाच: दोन बळी, वृद्ध आणि निराधार बाई, क्रौर्य, पैशाचा लोभ, समाजातला संताप. शिक्षा सौम्य करणारे चार: वय, गरिबी, पूर्वी गुन्हा नाही, दहावी. पाच विरुद्ध चार, म्हणून फाशी. सरांनी समासात एवढंच लिहिलंय: 'दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या.' कोणत्या दोन गोष्टी?

विठ्ठल पा.

उत्तर बरोबरच आहे की. सर्वोच्च न्यायालयाचा मच्छी सिंग निकाल, १९८३. खून कसा केला, कशासाठी केला, समाजावर परिणाम काय, किती जण मेले आणि मेलेलं माणूस कोण, अशा पाच कसोट्या आहेत. तुमच्या प्रश्नात त्यातल्या तीन तरी बसतात. म्हातारी बाई मारली, हेतू पैशाचा, बळी दोन. सरांना फाशी आवडत नसेल म्हणून गुण कापले असतील.

खडाष्टक

माझं स्पष्ट मत, फाशी असायलाच हवी. अतिरेक्यांना पोसायचं कशाला? ज्या देशांनी फाशी बंद केली तिथे गुन्हे कमी झाले का?

गोदाकाठ

खडाष्टक, धागा फाशी असावी की नसावी यावर नाही. कायद्यात फाशी आहे असं धरूनच प्रश्न विचारलाय. मीनलचा प्रश्न आहे ती द्यायची की नाही हे ठरवायचं कसं.

काळा_कोट

मीनल, मी बावीस वर्षं सत्र न्यायालयात आरोपींच्या बाजूने उभा राहतोय. तुझ्या सरांचा शेरा अगदी नेमका आहे.

त्या दोन गोष्टी म्हणजे गुन्हा आणि गुन्हेगार. तुझ्या पहिल्या रकान्यात जे आहे ते सगळं त्या रात्री काय घडलं याबद्दल आहे. दुसऱ्या रकान्यात जे आहे ते हा माणूस कोण आहे आणि पुढे काय होऊ शकतो याबद्दल. तू एकातून दुसरं वजा केलंस. त्याने दहावी केली म्हणून म्हातारीच्या डोक्यावरचे घाव हलके होत नाहीत, आणि घाव भयंकर म्हणून त्याची दहावी खोटी ठरत नाही. रुपयांतून लिटर वजा करता येतील का? २०१२ साली संगीत विरुद्ध हरियाणा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: एक रकाना गुन्ह्याचा, दुसरा गुन्हेगाराचा, त्यांचा ताळेबंद मांडता येत नाही.

ताळेबंद हा शब्द आला मच्छी सिंगमधून. विठ्ठलराव म्हणतात त्या पाच कसोट्या तिथेच आहेत, पण तो तीन न्यायमूर्तींचा निकाल. त्याच्या आधीचा, पाच न्यायमूर्तींचा बच्चन सिंग १९८० चा. मुळात पाया तो आहे आणि मच्छी सिंग त्यावर उभा आहे. बच्चन सिंगमध्ये घटकांच्या दोन याद्या दिसतात, विद्यार्थी त्या पाठ करतात. त्या आल्या कुठून ते बघ. वकील डॉ. चितळे यांनी त्या न्यायालयापुढे सुचवल्या होत्या. तीव्रता वाढवणाऱ्या घटकांच्या यादीबद्दल न्यायालय म्हणालं, तत्त्वतः हरकत नाही, पण आम्ही यादी करून न्यायाधीशांचे हात बांधणार नाही. सौम्य करणाऱ्या घटकांबद्दल मात्र सूर वेगळा होता. हे निःसंशय महत्त्वाचे आहेत, त्यांना मोठं वजन द्या, त्यांचा अर्थ उदार ठेवा. म्हणजे दोन्ही पारडी सुरुवातीपासूनच सारखी नाहीत.

गोदाकाठ

सर, पण मग घटक मांडायचेच कशाला? आजही प्रत्येक निकालात ते मांडलेले असतात. मी निकालांचं भाषांतर करते. शब्द बदलतात, तक्ता तोच राहतो.

काळा_कोट

मांडायचेच. मोजायचे नाहीत.

उत्तर कुठून सुरू करायचं ते सांगतो. १८९८ च्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत उलटं होतं. खुनाला फाशी हा नियम, आणि न्यायाधीशाने फाशी दिली नाही तर का दिली नाही याची कारणं लिहावी लागत. १९५५ च्या दुरुस्तीत ती अट गेली. फाशी आणि जन्मठेप एका पातळीवर आली. मग १९७३ ची नवी संहिता आली आणि तराजू दुसऱ्या बाजूला झुकला. कलम ३५४(३) म्हणतं, फाशी देत असाल तर विशेष कारणं लिहा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच ३९३(३) मध्ये आहे. संसदेने पावशतकात नियम आणि अपवाद यांची अदलाबदल केली. बच्चन सिंगचा सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे.

त्यामुळे उत्तराचं पहिलं वाक्य 'नियम जन्मठेपेचा' असं हवं. मग पहिला प्रश्न: हा गुन्हा त्या अपवादात शिरण्याइतका टोकाचा आहे का? नसेल तर तिथेच थांब, दुसरा रकाना उघडायचीही गरज नाही. असेल तर दुसरा प्रश्न, आणि तो संपूर्ण वेगळा: या माणसासाठी जन्मठेपेचा मार्ग निर्विवादपणे बंद झालाय का? 'निर्विवादपणे' या शब्दाखाली दोन रेघा मार.

दूरदेशी

मी टेक्ससमध्ये राहतो, वकील नाही, पण इथे ज्युरीच्या निवडीसाठी एकदा बोलावणं आलं होतं, तेव्हापासून वाचत असतो. इथे फाशीच्या खटल्यात ज्युरीला दोषसिद्धीनंतर वेगळा प्रश्न विचारतात: हा माणूस पुढेही हिंसा करून समाजाला सतत धोका ठरेल, अशी शक्यता आहे का? ते सरकार पक्षाने वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करायचं असतं. बच्चन सिंगमधली डॉ. चितळेंची यादी आत्ता शोधून वाचली. 'समाजाला सतत धोका' हे शब्द जवळजवळ तेच आहेत, फक्त बाजू उलटी. इथे धोका आहे का असं विचारतात, तिकडे धोका नसण्याची शक्यता ही आरोपीच्या बाजूने धरलीय. वाचून चकित झालो.

काळा_कोट

दूरदेशी, फार चांगलं हेरलंत. आणि पुढची ओळही वाचा. आरोपी पुन्हा हिंसा करणार नाही आणि तो सुधारू शकतो, हे दोन मुद्दे लागू नाहीत असं म्हणायचं असेल तर सरकारने ते पुराव्याने दाखवायचं, असं तिथे लिहिलंय. मीनल, तुझ्या उत्तरात सरकारने कोणता पुरावा दिला?

मीनल_नांदेड

प्रश्नात तसा पुरावा काहीच नाहीये. मी धरूनच चालले की ज्याने दोन खून केले तो सुधारणार नाही.

काळा_कोट

हीच ती मिसळ. गुन्ह्यावरून गुन्हेगाराचं भविष्य काढलंस. पहिल्या रकान्यातली गोष्ट दुसऱ्या रकान्यातही खर्ची घातलीस.

रेवती

धागा दोन दिवस वाचतेय. लिहू की नको असं चाललं होतं.

माझ्या भावाचा खून झाला, त्याला आता अकरा वर्षं होतील. तोही पैशाच्या वादातून. करणाऱ्याला जन्मठेप लागली. निकालाच्या दिवशी आई कोर्टाच्या बाकावर भावाची चप्पल पिशवीत घेऊन बसली होती, का आणली ते तिलाही सांगता आलं नाही. निकालात आरोपीचं वय होतं, त्याची म्हातारी आई होती, त्याची दोन लेकरं होती. माझ्या आईचं नाव साक्षीदार क्रमांक म्हणून आलं होतं.

तुमच्या दोन रकान्यांत आम्ही कुठे असतो? आणि चौदा वर्षांनी तो सुटणार आहे, म्हणजे अजून तीन. हे बरोबर आहे असं कुणी मला समजावून सांगावं.

गोदाकाठ

रेवतीताई, लिहिलंत हे बरं केलंत. यावर पटकन उत्तर द्यायला जीभ धजत नाही.

तात्या_सर्कल

रेवतीताई, मी कारागृह खात्यात होतो, निवृत्त झालो. एवढं खात्रीने सांगतो, जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं नव्हे. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. चौदा वर्षांचा आकडा येतो तो असा: खुनासारख्या गुन्ह्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला सरकार शिक्षेत सूट देऊन सोडू शकतं, पण चौदा वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय नाही. ती कमीत कमी अट आहे, सुटकेची तारीख नव्हे. त्यानंतरही सरकार अहवाल मागवतं आणि मग ठरवतं. मी वीस-बावीस वर्षं आत असलेले जन्मठेपी पाहिलेत. तुमच्या प्रकरणात काय होईल ते मी सांगू शकत नाही, पण तीन वर्षांनी दार आपोआप उघडणार नाही.

रेवती

हे आम्हाला अकरा वर्षांत कुणी सांगितलं नाही. आभारी आहे, काका. पहिला प्रश्न मात्र उरतोच.

विठ्ठल पा.

याचसाठी तर मधला मार्ग आहे ना! स्वामी श्रद्धानंद, २००८. फाशी नाही, पण सूटही नाही, तीस वर्षं किंवा मरेपर्यंत आत. मीनल, उत्तरात 'सूट न देता ३० वर्षं' लिही, कुणीच नाराज होणार नाही.

काळा_कोट

विठ्ठलराव, निकाल बरोबर सांगितलात, पण इथे पाय घसरेल. २०१५ मध्ये श्रीहरन प्रकरणात घटनापीठाने हा मधला मार्ग मान्य केला, आणि त्याच वेळी सांगितलं की तो अधिकार फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचा. प्रश्नात मीनल सत्र न्यायाधीश आहे. तिने खुनाला सूट नसलेली तीस वर्षं दिली तर अधिकाराबाहेर गेली, परीक्षक लाल रेघ मारणार. तिच्यापुढे दोनच दारं आहेत.

मधल्या मार्गाचा तर्काला मात्र उपयोग आहे. फाशी नाही म्हणजे चौदा वर्षांत मोकळा, ही भीती न्यायाधीशाच्या मनात असते. पर्याय तोकडा वाटला की माणूस फाशीकडे ढकलला जातो. वर तसा पर्याय आहे हे माहीत असलं की 'जन्मठेप अपुरी' म्हणणं अवघड होतं.

खडाष्टक

मी विषय सोडून लिहिलं होतं, मान्य. पण एक विचारतो. लहान मुलं पळवून मारणाऱ्या कोल्हापूरच्या त्या दोन बहिणींची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द करून जन्मठेप केली ना? एवढा भयंकर गुन्हा. तिथे कोणता सौम्य करणारा घटक सापडला? मीनलने तोच लिहावा.

काळा_कोट

तिथे गुन्हा सौम्य ठरला नाही, शिक्षाही चुकीची ठरली नाही. दयेच्या अर्जावर निर्णय होऊन कळायला सरकारकडून अनेक वर्षं गेली, आणि दरवाजाकडे डोळे लावून फाशी यार्डात बसवून ठेवणं हीच एक वेगळी शिक्षा आहे, म्हणून ती बदलली. २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालाचं तत्त्व. तो मुद्दा शिक्षा कायम झाल्यानंतरचा. मीनलच्या न्यायाधीशासमोर अजून दयेचा अर्जच नाही, त्यामुळे तिथे तो लिहायचा नाही.

तात्या_सर्कल

आता दहावीबद्दल बोलतो, कारण ते माझं क्षेत्र.

पूर्वी कोर्टाकडून कैद्याच्या वागणुकीचा अहवाल मागवला की आम्ही एक ओळ पाठवायचो: 'वागणूक समाधानकारक'. बराकीत चारशे माणसं, कारकून दोन. त्या ओळीने कुणाचा जीव वाचेल किंवा जाईल असं कधी डोक्यात आलं नाही. प्रत्येक कैद्याचं हिस्ट्री टिकट असतं. त्यावर काम, आजार, शिक्षा, मुलाखती सगळं टिपलेलं असतं. कोर्टात मात्र त्यातलं काही जात नसे.

एक पोरगा आठवतो. खुनाच्या आरोपात कच्चा कैदी, अंगठा उठवणारा आला होता. आमच्याकडचा एक जुना कैदी शिक्षक होता, त्याने याला धरून बसवलं. पहिल्या वर्षी त्याच्या टिकटावर दोन मारामाऱ्या आहेत. तिसऱ्या वर्षी एकही नाही. गणिताच्या पेपराच्या आदल्या रात्री तो बराकीच्या दिव्याखाली फरशीवर खडूने समीकरणं सोडवत होता, कारण वही संपली होती. वॉर्डरने फरशी घाण केली म्हणून तक्रार लिहिली. ती तक्रारही टिकटावर आहे. 'वागणूक समाधानकारक' या दोन शब्दांत यातलं काय येतं?

२०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश असा निकाल आला. आता फाशी मागणाऱ्या सरकारने आरोपीची मानसिक तपासणी, घरची परिस्थिती, शिक्षण हे सुरुवातीच्या टप्प्यातच कोर्टापुढे ठेवायचं, आणि तुरुंगातलं काम, शिक्षण, वागणूक याचा नीट अहवाल यायला हवा. मी निवृत्त झाल्यावर हे आलं. आधी आलं असतं तर मी काही अहवाल वेगळे लिहिले असते.

मीनल_नांदेड

काका, फरशीवरची समीकरणं डोळ्यांसमोरून हलत नाहीत. मी 'दहावी पास' हा एक गुण म्हणून मोजला होता.

विठ्ठल पा.

तात्या, आदर ठेवून म्हणतो, फाशी समोर दिसली की कुणीही पुस्तक हातात घेईल. त्याला सुधारणा म्हणायचं का?

तात्या_सर्कल

शंका रास्त आहे. दाखवण्यासाठी वागणारे असतात, मी पाहिलेत. ते अधिकारी आले की वागतात. म्हणून मी पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाचा फरक सांगितला. चार वर्षं, रोज, वॉर्डरसमोर आणि वॉर्डरच्या पाठीमागे सोंग टिकवणं फार अवघड. तरी खात्री कुणीच देऊ शकत नाही. मला तर सुटल्यावर परत आलेलेही माहीत आहेत.

काळा_कोट

आणि कायदा खात्री मागतच नाही. सुधारण्याची शक्यता आहे का, एवढंच विचारतो. २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात पुनर्विलोकनात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक नीट मांडला: आरोपी सुधारू शकतो अशी शक्यता उरते का ते बघा, तो सुधारेलच का हे नव्हे.

गोदाकाठ

मोर्चाबद्दल कुणी बोललं नाही. मीनलने संताप हा घटक धरला. मच्छी सिंगमध्ये तर 'समाजाच्या सामूहिक विवेकाला धक्का' असे शब्दच आहेत. मग तिचं काय चुकलं?

काळा_कोट

यावर वकिलांतही एकमत नाही. माझं मत सांगतो. बच्चन सिंगनेच बजावलंय की न्यायाधीशांनी लोकमताचे प्रवक्ते होऊ नये. मोर्चा निघतो तो वर्तमानपत्रात काय छापून आलं, मयत कोणत्या आळीतला, निवडणूक कधी, यावर. हाच खून एखाद्या पालावर झाला असता आणि मेलेली म्हातारी भीक मागणारी असती तर मोर्चा निघाला असता का? नसता. मग तिचा जीव स्वस्त? म्हणून मोर्चा रकान्यात येता कामा नये. न्यायाधीशापुढचा पुरावा तपासता येतो, उलटतपासता येतो. मोर्चाचा उलटतपास कसा घेणार?

विठ्ठल पा.

हे मला पटत नाही. कायदा लोकांसाठी आहे, लोकांना काय वाटतं याला काडीची किंमत नसेल तर लोक कायदा हातात घेतील. सर्वोच्च न्यायालयानेच तो शब्द वापरलाय आणि अजूनही वापरतं.

काळा_कोट

वापरतं, खरं आहे. परीक्षेत दोन्ही बाजू लिहून मग आपली बाजू घ्यावी. मी माझी सांगितली.

रेवती

काळा कोट सर, माझ्या भावासाठी मोर्चा निघाला नव्हता. म्हणून तुमचं म्हणणं कळलं. मोर्च्यावर जीवाची किंमत ठरली असती तर भावाची शून्य ठरली असती.

दूरदेशी

मला एक खटकतंय. फाशी इतकी आवळून का ठेवायची याचं मूळ कारण अजून कुणी मांडलेलं नाही. नियम-अपवाद हा कायद्याचा मजकूर झाला, कारण काय?

काळा_कोट

कारण तुम्हाला माझ्या शब्दांत नाही, मराठवाड्यातल्या एका खटल्यातून सांगतो. नावं घेत नाही, त्या माणसांनी पुष्कळ भोगलंय.

२००३ साली जालना जिल्ह्यात भोकरदनकडे एका वस्तीवर रात्री दरोडा पडला. एकाच घरातली पाच माणसं मारली गेली, घरातल्या बायांवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतले सहा जण पकडले. सत्र न्यायालयाने फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची कायम ठेवली, तिघांची जन्मठेप केली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. आता मीनल, इथे तुझ्या विषयाचा धागा आहे. त्या निकालाने १९९५ च्या रावजी प्रकरणाचा आधार घेतला होता. रावजी सांगतो, गुन्हा बघा, गुन्हेगार बघायची गरज नाही. म्हणजे एकच रकाना. आणि त्याच २००९ साली, महाराष्ट्रातल्याच बरियार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने सांगितलं की रावजी हा निकाल बच्चन सिंगकडे दुर्लक्ष करून दिलेला आहे, त्याचा आधार घेऊ नका.

पुढे त्या सहांपैकी एकजण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता असं निष्पन्न झालं. म्हणजे ज्याला कायद्याने फाशी देताच येत नाही असं पोर फाशी यार्डात होतं. मग प्रकरण पुन्हा उघडलं. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार बाईने पोलिसांच्या फोटोंतून आधी भलतेच चार जण ओळखले होते आणि त्यांची चौकशी झालीच नव्हती, हे त्यात पुढे आलं. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई. सोळा वर्षं आत काढली होती.

त्यांना २०१० किंवा २०११ मध्ये फाशी झाली असती तर २०१९ चा निकाल कुणाला वाचून दाखवला असता?

विठ्ठल पा.

हा खटला मला माहीत नव्हता. पण सर, ही चूक दोषी ठरवण्यातली आहे, शिक्षेतली नाही. शिक्षेच्या प्रश्नाच्या उत्तरात तिचा संबंध काय? मीनलच्या प्रश्नात 'अ' दोषी धरलेला आहे, तिथे शंकेला जागा नाही.

गोदाकाठ

आहे! मीनल, तुझाच प्रश्न परत वाच. 'प्रत्यक्षदर्शी कुणी नाही.' शेजाऱ्यांनी त्याला घराकडे जाताना पाहिलं, घरात शिरताना नाही. पाटल्या दोन दिवसांनी सापडल्या. पहारीवरचे ठसे, कपड्यांवरचं रक्त, यातलं काहीच प्रश्नात नाही. परीक्षकाने ते वाक्य उगाच टाकलेलं नसणार. इतके दिवस आपण सगळे त्याच्यावरून पुढे गेलो.

काळा_कोट

गोदाकाठ, मीही गेलो. बावीस वर्षांनंतर हे निसटायला नको होतं.

विठ्ठलराव, तुमच्या आक्षेपाचं उत्तर यातच आहे. दोषी धरायला वाजवी शंका नसावी लागते. पण वाजवी शंका संपली तरी मागे थोडी धाकधूक उरू शकते. २०१४ मध्ये त्रिपुरातल्या अशोक देबबर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली आणि अशा उरलेल्या शंकेच्या आधारावर फाशीची जन्मठेप केली. जन्मठेपेतली चूक अर्धीमुर्धी का होईना, दुरुस्त करता येते. फाशीतली नाही. म्हणून फाशीसाठी पुराव्याची पायरीही एक वरची हवी.

विठ्ठल पा.

मान्य. पाटल्यांवरून खून पुरेसा सिद्ध होतो असं मला अजूनही वाटतं. पण फाशीसाठी मी स्वतः सही केली असती का, हे आता सांगता येत नाही.

मीनल_नांदेड

रात्री बसून उत्तर पुन्हा लिहिलं. सगळं देत नाही, गाभा देते. चुका सांगा.

'खुनासाठी नियम जन्मठेपेचा आहे आणि फाशीसाठी विशेष कारणं लागतात. गुन्हा गंभीर आहे. झोपेच्या वेळी, प्रतिकार करू न शकणाऱ्या ७२ वर्षांच्या बाईला मारणं हे निर्दय आहे. परंतु हत्यार आरोपीने सोबत आणलेलं नाही, ते घरातलंच आहे, त्यामुळे पूर्वनियोजन सिद्ध होत नाही. वादाचं मूळ थकलेली मजुरी आहे. ती खुनाचं समर्थन ठरत नाही, मात्र केवळ लोभापोटी केलेला खून असं चित्र ती राहू देत नाही. गावातील मोर्चा पुरावा नाही, तो विचारात घेतलेला नाही. गुन्हा अपवादात मोडतो असं धरलं तरी, आरोपी सुधारू शकत नाही याचा कोणताही पुरावा सरकार पक्षाने दिलेला नाही. उलट चार वर्षांच्या कैदेतील शिक्षण हे शक्यता शाबूत असल्याचं दाखवतं. पुरावा परिस्थितीजन्य आहे. जन्मठेपेचा मार्ग निर्विवादपणे बंद झाला आहे असं म्हणता येत नाही. म्हणून जन्मठेप.'

काळा_कोट

पहारीचा मुद्दा तू स्वतः काढलास, आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आला नव्हता. दोन दुरुस्त्या. 'झोपेच्या वेळी' प्रश्नात नाही, 'रात्री' आहे. जे नाही ते घालू नकोस, आरोपीच्या विरुद्ध तर नाहीच. आणि गरिबी गाळलीस. महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आर्थिक-सामाजिक परिस्थिती सौम्य करणारी मानली आहे. वडील नसणं, सातवीत शाळा सुटणं, एका वाक्यात का होईना, लिही.

रेवती

मीनल, तुझ्या पहिल्या उत्तरात म्हातारी 'वृद्ध आणि निराधार' या दोन शब्दांत होती. दुसऱ्यात 'प्रतिकार करू न शकणारी ७२ वर्षांची बाई' झाली. शिक्षा कमी झाली, तरी बाई जास्त दिसली. माझ्या आईने तो निकाल अजून वाचलेला नाही, इंग्रजीत आहे. गोदाकाठ, तुम्ही भाषांतर करता म्हणालात. साक्षीदार क्रमांक ३ ची साक्ष ज्या पानांवर आहे तेवढी पानं मराठीत करून मिळतील का?

गोदाकाठ

रेवतीताई, पानं पाठवा. रविवारपर्यंत करून देते.

मीनल_नांदेड

सर, 'झोपेच्या वेळी' काढलं. गरिबीचं वाक्य घातलं. उद्या सरांना दाखवते.